दादाच्या अकाउंटवरच्या ट्रॉफ्या माझ्या अकाउंटवर आणता येतील का?

मुक्ता_कराड

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबण लावून सांगते, कारण नुसता विचारला तर नीट कळणार नाही.

2020 च्या जुलैत, लॉकडाऊनमध्ये, दादाने पीएस4 वर घोस्ट ऑफ त्सुशिमा घेतला. कन्सोल एक, अकाउंट एक, ते दादाचं. आम्ही कामं वाटून घेतली होती. मारामाऱ्या आणि द्वंद्वं दादाकडे, आणि बेटभर हिंडून शोधाशोध करणं माझ्याकडे. ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत असेल, त्यात कोल्हे असतात. बिळापाशी गेलं की कोल्हा बाहेर येतो, तो पळत जाईल तसं त्याच्यामागे जायचं आणि तो इनारीच्या छोट्या देवळापाशी नेऊन सोडतो. अशी 49 बिळं. ती सगळीच्या सगळी मी केली. रात्री जेवणं झाली की आई भांडी आवरायची आणि मी कोल्ह्यामागे पळत असायची. प्लॅटिनम ट्रॉफी वाजली तेव्हा दोघंही समोर बसलेलो होतो.

आता दादा टोरांटोला आहे. त्याने तिकडे पीएस5 घेतला, त्याच गेमचा डायरेक्टर्स कट घेतला आणि पीएस4 ची जुनी सेव्ह त्यात ओढली. व्हिडिओ कॉलवर मी बघत होते. पाच मिनिटांत सगळ्या ट्रॉफ्या एकामागून एक परत आल्या, प्लॅटिनमसकट!

गेल्या महिन्यात मीही पीएस5 घेतला आणि पहिल्यांदाच माझं स्वतःचं अकाउंट काढलं. दादा जाण्याआधी पीएस4 वरच्या सगळ्या सेव्ह मी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवल्या होत्या. दादाकडे सेव्ह ओढल्यावर ट्रॉफ्या आल्या, याचा अर्थ ट्रॉफ्या सेव्हमध्येच असतात ना? मग ती सेव्ह माझ्या अकाउंटवर टाकली तर मलाही मिळतील का? निदान कोल्ह्यांची तरी?

---

बिनधास्त_बार्शी

मिळतील की. मी स्वतः केलंय. मित्राची सेव्ह फाइल घेतली, माझ्याकडच्या फोल्डरमध्ये टाकली, गेम चालू करून सेव्ह लोड केली आणि अचीव्हमेंट धडाधड यायला लागल्या. दहा-बारा तरी आल्या असतील. पेनड्राइव्ह लाव आणि कॉपी कर, दोन मिनिटांचं काम आहे.

---

तळघर

बार्शीकर, तुम्ही हे कॉम्प्युटरवर स्टीममध्ये केलं असणार. तिथे चालतं. प्लेस्टेशनवर नाही चालणार.

मुक्ताताई, एक करून बघा. तो पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावा. त्यात `PS4` नावाचा फोल्डर दिसेल, त्याच्या आत `SAVEDATA`, आणि त्याच्या आत सोळा अक्षरी-आकडी नावाचा एक फोल्डर. गेमचे फोल्डर त्याच्याही आत असतात, `CUSA` ने सुरू होणारे. ते सोळा अक्षरांचं नाव म्हणजे दादाच्या अकाउंटचा आतला क्रमांक. तुम्ही तुमच्या अकाउंटने कन्सोलवर शिरून पेनड्राइव्ह लावला की कन्सोल तुमच्या क्रमांकाचा फोल्डर शोधतो. तो तिथे नाहीच. फोल्डरचं नाव बदलूनही उपयोग नाही, कारण सेव्हसुद्धा त्याच अकाउंटला बांधून कुलूपबंद केलेली असते.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. वाईट वाटतंय सांगायला, पण उगाच आशेवर ठेवत नाही.

---

मुक्ता_कराड

बघितलं. खरंच सोळा अक्षरांचा एकच फोल्डर आहे. :(

पण मग दादाकडे ट्रॉफ्या कशा आल्या? तिथेही सेव्हच नेली होती.

---

तळघर

तेच सांगणार होतो, मघाशी ऑफिसातून लिहीत होतो म्हणून अर्धवट राहिलं.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकच धरतो. सेव्ह म्हणजे गेमची स्वतःची वही. त्यात तुम्ही कुठवर आलात, किती बिळं झाली, घोडा कोणता, हे सगळं असतं. ट्रॉफी त्या वहीत नसते. ट्रॉफी म्हणजे प्लेस्टेशनच्या सर्व्हरवरची एक नोंद, आणि ती नोंद फार छोटी असते: कोणतं अकाउंट, कोणती ट्रॉफी-यादी, यादीतली कितवी ट्रॉफी, आणि मिळाल्याची वेळ. बस. कन्सोलवर त्याची एक प्रत असते, म्हणून इंटरनेट नसलं तरी ट्रॉफी वाजते आणि नंतर वर जाते. तिसरी गोष्ट गेम स्वतः. अट पूर्ण झाली की नाही हे ठरवतो तो गेम. प्लेस्टेशनला कोल्हा म्हणजे काय हे माहीत नसतं. गेम त्याला सांगतो, "सध्या जो खेळतोय त्याला या यादीतली अमुक क्रमांकाची ट्रॉफी दे", आणि प्लेस्टेशन नोंद करतं.

आता दादाचं बघा. पीएस4 चा गेम आणि पीएस5 चा डायरेक्टर्स कट, यांच्या ट्रॉफी-याद्या वेगवेगळ्या आहेत. प्रत्येक यादीला `NPWR` ने सुरू होणारा स्वतःचा क्रमांक असतो. पीएस5 वर दादाची यादी आधी कोरी होती. त्याने सेव्ह ओढली, गेमने ती वाचली, "49 झालेली दिसतायत, गोष्ट संपलेली दिसतेय" असं बघत एकेक ट्रॉफी नव्याने द्यायला सांगितली. त्या जुन्या ट्रॉफ्या परत आल्या नाहीत. दुसऱ्या यादीत दुसऱ्या नोंदी झाल्या. दादाच्या प्रोफाइलवर आता या गेमची दोन प्लॅटिनम दिसत असतील, विचारून बघा. आणि पीएस5 च्या यादीतल्या ट्रॉफ्यांवर सगळ्यांची वेळ पाच मिनिटांच्या आतली असेल. जुन्या यादीत मात्र 2020 च्या तारखा तशाच असतील.

---

शर्वरी_डोंबिवली

मध्येच विचारते, राग मानू नका. माझ्या मुलाचा फोन बदलला. क्रिकेटचा गेम होता त्याचा, दीड वर्षं खेळत होता. नवीन फोनवर त्याचे बॅज सगळे दिसतायत पण गेम पहिल्या लेव्हलपासून सुरू झाला. रडून गोंधळ घातलाय. हे कसं काय? बॅज आहेत म्हणजे तिकडे माहिती आहे ना?

---

तळघर

शर्वरीताई, राग कसला, तुमचं उदाहरण तर बरोबर उलट बाजूचं आहे. मुक्ताताईंकडे वही आहे आणि नोंद नाही, तुमच्याकडे नोंद आहे आणि वही नाही. बॅज गुगल प्ले गेम्सच्या प्रोफाइलवर होते, म्हणून त्याच अकाउंटने शिरल्यावर दिसले. गेमची प्रगती फोनमध्येच होती आणि गेमने ती वर ठेवायची सोय केलेली नसेल, किंवा मुलाने गेममध्ये लॉगिन न करता पाहुणा म्हणून खेळलं असेल. जुना फोन अजून घरात आहे का? असेल तर रीसेट करू नका. त्यावर गेम उघडा, सेटिंगमध्ये अकाउंट जोडायची सोय दिसते का बघा, आणि आधी तिथे जोडून मग नव्या फोनवर त्याच अकाउंटने शिरा.

---

शर्वरी_डोंबिवली

जुना फोन सासूबाईंना दिलाय पण गेम अजून काढलेला नाही! आज संध्याकाळीच बघते. धन्यवाद.

---

अर्धविराम

मी गेम बनवण्याच्या धंद्यात आहे (छोटा स्टुडिओ, पुणे), म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. तळघर यांनी "अट गेम ठरवतो" म्हटलं तिथेच खरी मेख आहे. सेव्ह लोड केल्यावर ट्रॉफ्या आपोआप येणं हा काही प्लॅटफॉर्मचा नियम नाही. ते गेम लिहिणाऱ्याने तसं लिहिलंय की नाही यावर आहे.

आमच्या एका गेममध्ये 100 दिवे लावले की अचीव्हमेंट होती. स्टीमवर द्यायची पद्धत साधी आहे, दोन ओळी:

```
SteamUserStats()->SetAchievement("ACH_100_LAMPS");
SteamUserStats()->StoreStats();
```

पहिली ओळ खेळणाऱ्याच्या मशीनवर खूण करते, दुसरी ती स्टीमकडे पाठवते. कोपऱ्यातला चौकोनही दुसऱ्या ओळीनंतरच येतो. आमचा घोळ या दोन ओळींत नव्हता. त्यांच्या आधीच्या अटीत होता. मी लिहिलं होतं:

```
if (lampsLit == 100)
```

आणि हे तपासणं दिवा लावला त्या क्षणीच होत होतं. गेम आधी बाजारात गेला, अचीव्हमेंट आम्ही तीन महिन्यांनी अपडेटमध्ये घातल्या. तोवर कितीतरी लोकांचे 130, 140 दिवे लावून झालेले. त्यांच्यासाठी आकडा परत कधी 100 होणारच नव्हता. लोकांनी मेल केले, "सगळे दिवे लावले, अचीव्हमेंट नाही". मला दोन दिवस कळेना, कारण माझ्या मशीनवर मी दर वेळी नव्याने सुरुवात करून बघत होतो आणि ती बरोबर यायची. एका खेळणाऱ्याने स्वतःची सेव्ह पाठवली तेव्हा उलगडलं. मग `==` चं `>=` केलं आणि सेव्ह लोड झाल्या झाल्या सगळ्या अटी एकदा तपासायच्या असं घातलं. दुसऱ्या दिवशी त्याच लोकांनी लिहिलं की गेम उघडताच आली.

दादाच्या पीएस5 वर जे झालं ते हेच, लोड करताना तपासणं. ज्या गेममध्ये ते नसतं तिथे 100 टक्के पूर्ण सेव्ह नेली तरी यादी कोरी राहते. म्हणून जुन्या कन्सोलवरून नव्यावर जाताना त्या त्या गेमचं आधी विचारून घ्यावं.

---

बिनधास्त_बार्शी

अच्छा! म्हणून माझ्या त्या गेममध्ये दहा-बाराच आल्या आणि बाकीच्या नाही आल्या. मला वाटायचं फाइल खराब आहे. आणि हो, तळघर, बरोबर आहे, स्टीमवरच केलं होतं. मुक्ताताई, चुकीचं सांगितलं, माफ करा.

---

रानवाट

मला एक कळत नाही. स्टीमवर कुणाची तरी सेव्ह टाकून अचीव्हमेंट मिळते. त्याच्याही पुढे, गेम न खेळता सगळ्या उघडून देणारं फुकट टूल मिळतं. मग या नोंदींना किंमत काय? एवढा जीव का टाकायचा? गेम खेळला, मजा आली, संपलं.

---

अर्धविराम

रानवाट, टूल मिळतं हे खरं आहे. स्टीम खेळणाऱ्याच्या मशीनवरून आलेल्या शब्दावर विश्वास ठेवतं, म्हणून ते चालतं. एखादी अचीव्हमेंट फक्त गेमच्या अधिकृत सर्व्हरनेच द्यायची अशी सोय स्टीममध्ये आहे. पण एकट्याने खेळायच्या गेमला सर्व्हरच नसतो, तर देणार कोण? आमच्यासारख्यांना ते परवडतही नाही.

पण स्टीमने दुसरीकडून आवळलंय. काही वर्षांपूर्वी हजारो अचीव्हमेंट घातलेले फालतू गेम निघाले होते, उघडलं की नुसता पाऊस. आता नव्या गेमवर पुरेसे खरे लोक खेळतायत असं स्टीमला दिसेपर्यंत त्याला 100 च्या वर अचीव्हमेंट ठेवता येत नाहीत, आणि तोवर त्या खेळणाऱ्याच्या प्रोफाइलच्या बेरजेतही धरल्या जात नाहीत. आमच्या गेमलाही सुरुवातीला ती पाटी होती.

---

हिरवा_कंट्रोलर

एक्सबॉक्सवाला बोलतो. ही कल्पना घराघरांत नेली ती एक्सबॉक्स 360 ने, 2005 साली. गेमरस्कोअर तेव्हाचाच. दुकानात मिळणाऱ्या गेमला 1000 गुण आणि सगळ्या गेमची बेरीज तुमच्या नावापुढे. स्टीमवर अचीव्हमेंट 2007 ला आल्या, प्लेस्टेशनच्या ट्रॉफ्या 2008 ला.

आणि किंमत नाही कशी? 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टने खोट्या मार्गाने गुण वाढवलेल्यांचा स्कोअर शून्यावर आणला होता आणि प्रोफाइलवर "Cheater" असं लिहिलं होतं. आधीचं मिळवलेलं परत मिळणार नाही, नव्याने कमवा. आमच्या गटात तेव्हा आठवडाभर हाच विषय होता.

एक्सबॉक्सवर एक बरं आहे. स्मार्ट डिलिव्हरीचा गेम असेल तर एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्स दोन्हीवर यादी एकच राहते, कन्सोल बदलला तरी जिथे होतात तिथून पुढे. दोन-दोन प्लॅटिनमचा प्रश्नच नाही.

---

तळघर

एकच यादी हे सोयीचं आहे, मान्य. पण प्लेस्टेशनवाल्यांत दोन याद्या आवडणारेही पुष्कळ आहेत, त्यांना तोच गेम पुन्हा मिळवायचं कारण मिळतं. मी त्यातला आहे. यावर आपलं एकमत व्हायचं नाही.

---

पीएस3_प्रेमी

या धाग्यावर माझं दुःख सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आत्ता ट्रॉफ्या आपोआप वर जातात. पीएस3 वर तसं नव्हतं. ट्रॉफीचं पान स्वतः उघडून सिंक करावं लागायचं. पैसे भरून प्लस घेतलं असेल तर आपोआप व्हायचं, माझ्याकडे ते नव्हतं. आमच्याकडे तेव्हा इंटरनेटही डोंगलचं, महिन्याला मोजून मिळणारं. मी कन्सोल नेटला लावायचोच नाही. आठ-नऊ महिने तसाच खेळलो. त्यात दोन प्लॅटिनम झाले, त्यातल्या एकासाठी सर्वांत अवघड पातळीवर गेम पूर्ण केला होता.

मग कन्सोल तापून बंद पडायला लागला. दुरुस्तीला दिला. दुकानदाराने चांगल्या मनाने "सगळं साफ करून" परत दिला, म्हणजे हार्ड डिस्क फॉरमॅट. घरी आणून अकाउंटने शिरलो आणि सिंक केलं, तर सर्व्हरवर जे होतं तेच उतरलं, नऊ महिन्यांपूर्वीचं. एका गेमवर 43 टक्के आणि दुसरा यादीतच नाही, कारण त्याची एकही ट्रॉफी कधी वर गेलेली नव्हती.

कुणाला काय पुरावा देणार? दिवे मालवून टीव्हीचा काढलेला एक फोटो आहे. तो अजून जपून ठेवलाय.

---

मुक्ता_कराड

अरे देवा. वाचून पोटात कालवलं. फोटो टाका ना इथे.

---

रानवाट

पीएस3_प्रेमी, मघाचं वाक्य मागे घेतो. नऊ महिने म्हणजे नऊ महिने.

---

सिंगापूरकर

मुक्ताच्या प्रश्नाशी जोडूनच. दोन अकाउंट एकत्र करता येतात का, हे मी प्लेस्टेशनच्या मदतकेंद्राला विचारलं होतं. माझं अकाउंट भारतात काढलेलं. इकडे आल्यावर इकडचं कार्ड चालेना, अकाउंटचा देश बदलता येत नाही असं कळलं, म्हणून सिंगापूरचं नवीन काढलं. मग म्हटलं जुन्याच्या ट्रॉफ्या नव्यावर द्या, दोन्ही माझीच आहेत, ओळखपत्र दाखवतो. उत्तर स्वच्छ नाही. दोन अकाउंट जोडत नाहीत, ट्रॉफ्या एकावरून दुसऱ्यावर हलवत नाहीत.

शेवटी मी काय केलं, तर दोन्ही अकाउंट एकाच कन्सोलवर ठेवली. खरेदी नव्या अकाउंटने, खेळतो जुन्या अकाउंटने. कन्सोल नव्या अकाउंटचा शेअरिंगचा कन्सोल म्हणून लावला की त्यावर विकत घेतलेला गेम कन्सोलवरच्या कोणत्याही अकाउंटला खेळता येतो, आणि ट्रॉफी जाते जो खेळतोय त्याच्या नावावर. गेम कुणी विकत घेतला याच्याशी ट्रॉफीचा संबंध नाही. वाढीव पॅक घेतलेत तर मात्र बघून घ्या. डिस्क असो की डाउनलोड, पॅकचा आणि गेमचा देश एकच लागतो.

---

कौलारू_घर

मग मुक्ताला तेच करता येईल की! दादाचं अकाउंट तिच्या पीएस5 वर घाल, पासवर्ड दादा देईल. ट्रॉफ्या तशाही दादाच्याच नावावर आहेत, पुढचंही त्याच्याच नावावर खेळ. आमच्याकडे तीन भावंडं एका अकाउंटवर खेळतात, काही अडत नाही.

---

तळघर

कौलारू, तांत्रिकदृष्ट्या होतं ते. पण दोन अडचणी. एक म्हणजे अकाउंट वैयक्तिक आहे, पासवर्ड वाटून वापरणं त्यांच्या नियमात बसत नाही. दुसरी रोजची. दोघं एकाच वेळी ऑनलाइन खेळायला बसले की गोंधळ, आणि क्लाउडवर सेव्ह एकमेकांच्या वर बसायची भीती. टोरांटोत दादाने पुढे खेळलेलं कराडच्या जुन्या सेव्हने पुसलं गेलं तर?

नाव बदलून घेता येईल का असंही कुणी विचारेल, म्हणून सांगतो. 2019 पासून ऑनलाइन नाव बदलता येतं, ट्रॉफ्या जागच्या जागी राहतात, कारण नोंदी त्या आतल्या क्रमांकावर असतात आणि नाव ही वरची पाटी. काही जुने गेम मात्र पाटीवरच अवलंबून लिहिलेले आहेत, त्यांच्यात नाव बदलल्यावर बिघाड झालेले आहेत. सोनीने तशा गेमची यादीच दिली होती. बदलण्याआधी बघावी.

---

कौलारू_घर

सेव्हचं लक्षात नव्हतं आलं. आमच्याकडे कन्सोल एकच, म्हणून कधी झालं नाही.

---

हिरवा_कंट्रोलर

जरा विषयांतर. प्लेस्टेशनच्या त्या लेव्हलचं काय झालं होतं मध्येच? माझा भाऊ 12 वर होता, एके दिवशी उठला तर दोनशेच्या वर.

---

तळघर

2020 च्या ऑक्टोबरात पातळ्या 100 ऐवजी 999 केल्या. सगळ्यांच्या जुन्या ट्रॉफ्या घेऊन नव्या मापाने मोजल्या, म्हणून 12 ची दोनशेवर. ट्रॉफी एकही वाढली-घटली नाही. त्याच वेळी प्लॅटिनमचे गुण 180 चे 300 केले, आणि ते मला मनापासून पटलं. ब्राँझचे 15 च राहिले. आधी लोक सोपे गेम ढिगाने घेऊन पातळी वाढवायचे, आता निदान एखादा गेम तडीस नेण्याला वजन आलं.

---

अर्धविराम

तरी सोप्या प्लॅटिनमचे ढिगाने गेम निघतातच, उलट 300 गुणांमुळे जास्त. पण तो वेगळा धागा होईल.

मुक्ता, एक विचारू? तुला यादी हवी आहे की ते कोल्हे तुझ्या नावावर हवेत? यादीच हवी असेल तर तो गेम पुन्हा खेळावा लागेल, दुसरा रस्ता नाही. पण त्यात अवघडपणाला बांधलेली ट्रॉफी नाही, सोप्या पातळीवर खेळलीस तरी प्लॅटिनम मिळतं. द्वंद्वांना घाबरून थांबली असशील तर थांबू नकोस.

---

मुक्ता_कराड

दोन दिवस उशिरा उत्तर देतेय. परवा रात्री दादाशी बोलले. त्याने प्रोफाइल उघडून दाखवलं, तळघर म्हणाले तसंच, गेम दोनदा, प्लॅटिनम दोन. पीएस5 च्या यादीत सगळ्यांची तारीख एक आणि वेळ चार-पाच मिनिटांत. मग त्याने जुनी यादी उघडली. तिथे कोल्ह्यांच्या ट्रॉफीखाली 2020 च्या ऑगस्टमधली रात्री 11:52 ची वेळ आहे. तेव्हा दादा झोपला होता. मला आठवतंय, कारण मी आवाज बंद करून खेळत होते.

ती नोंद दादाच्या अकाउंटची आहे आणि राहणार, कळलं आता. ती माझी की त्याची यावर आम्ही अर्धा तास वाद घातला. त्याचं म्हणणं तुझी, माझं म्हणणं तसं लिहिलेलं कुठे आहे. मिटला नाही.

अर्धविराम, घाबरलेच होते. द्वंद्वं मी कधी खेळलेच नाही. पण काल रात्री माझ्या अकाउंटवर गेम सुरू केला. दादाने पार्टीत येऊन माझी स्क्रीन बघत बसायचं ठरवलं, तिकडे त्याची सकाळ होती. पहिल्या माणसाकडून सहा वेळा मेले आणि तो तिकडून "आत्ता, आत्ता मार" ओरडत होता. सातव्यांदा जमलं.

पहिलं बीळ आज सापडलं. 48 राहिली.

---

पीएस3_प्रेमी

मुक्ताताई, फोटो शोधला, उद्या टाकतो. आणि एक काम कर, रात्री बंद करण्याआधी ट्रॉफीचं पान उघडून वर गेलीये ना ते बघत जा. आपोआप जाते हे माहीत आहे, तरी बघत जा.